सहा महिन्यांच्या बाळाला पकडायला आणि नजरेनं पाठलाग करायला घरातल्या वस्तूंनी कसं खेळवायचं?

पिहूचीआई:
लेक सहा महिने पूर्ण करून सातव्यात गेलीय. पालथी पडते, टेकू देऊन बसवलं की थोडा वेळ बसते आणि समोर दिसेल ते तोंडात घालते. बारशाला आलेली खेळणी आहेत पण बहुतेक सगळी बॅटरीवाली, बटण दाबलं की लाइट लागते गाणं वाजतं आणि ही नुसती बघत बसते, हात पुढे करत नाही. ऑनलाइन बघितलं तर सेन्सरी किट म्हणून जे काही आहे त्याच्या किमती बघून टॅब बंद केला. घरात कापड आहे, भांडी आहेत, वेळही आहे. मला दोनच गोष्टींसाठी खेळ हवेत, एक म्हणजे वस्तू नीट पकडणं, आत्ता ती धरते आणि लगेच सोडते, आणि दुसरं हलत्या वस्तूमागे नजर फिरवणं. खुळखुळा वाजवला की मान वळवते त्यामुळे नजरेचं ठीक असावं असं वाटतंय, पण चेंडू घरंगळत सोडला की तो गेला तरी ती तिथेच बघत राहते. कुणी घरच्या घरी काय केलंय ते सविस्तर सांगा प्लीज.

रोहन_चिंचवड:
आम्ही मुलाला ब्लॅक अँड व्हाइट कार्ड्स दाखवायचो, घरीच कार्डपेपरवर काळ्या स्केचपेननं गोल आणि पट्टे काढले होते, खर्च काहीच नाही. लहान मुलांना रंग दिसत नाहीत फक्त काळं पांढरं दिसतं, त्यामुळे ट्रॅकिंगला बेस्ट. डोळ्यासमोर धरून डावीकडून उजवीकडे न्यायचं. आणि चेंडू मोठा घ्या, फुटबॉलएवढा, म्हणजे गिळायची भीती नाही.

सुमनआज्जी:
आमच्या वेळी पाळण्यावर चिमणाळं असायचं. कापडाच्या चिमण्या, पोपट, मधे एक गोंडा. बाळ त्याकडे टक लावून बघायचं आणि हातपाय झाडायचं. माझ्या सासूबाई जुन्या खणाच्या तुकड्यांचं स्वतः करायच्या, आत कापूस. माझ्याकडे अजून आहे, नातीलाही बांधलं होतं. तेच कर, कशाला विकत घ्यायचं.

ओटी_मृदगंध:
पिहूची आई, मी लहान मुलांची ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. तुमच्या प्रश्नात एक गोष्ट आहे ती आधी घेते कारण पुढचं सगळं तिच्यावर अवलंबून आहे.

खुळखुळा वाजवल्यावर मान वळते हे कानाचं काम झालं. आवाज कुठून आला हे बाळाला कळतंय, छान आहे, पण त्यावरून डोळे वस्तूमागे जातात की नाही हे कळत नाही. चेंडू आवाज न करता गेला आणि ती तिथेच बघत राहिली, म्हणजे तुमच्या घरातच दोन गोष्टी वेगळ्या झाल्यात बघा. म्हणून नजरेचा खेळ खेळताना वस्तू मुकी हवी. लाल किंवा गडद पिवळा सुती रुमाल घ्या, त्याचा लिंबापेक्षा थोडा मोठा गोळा करून हातात धरा. बाळ पाठीवर झोपलेलं किंवा तुमच्या मांडीवर टेकून बसलेलं, रुमाल तिच्या तोंडापासून हातभर अंतरावर नको, दीड वीत पुरे. आधी तिची नजर त्यावर बसू द्या, ती बघतेय असं दिसल्यावरच हलवायला सुरुवात करा आणि इतकं हळू की तुम्हालाच कंटाळा येईल. डावीकडून उजवीकडे जायला मनात दहापर्यंत आकडे मोजा. नजर सुटली तर रुमाल तिथेच थांबवा, पुढे नेऊ नका, ती परत शोधते का बघा. सापडला की पुढे.

चेंडूमागे नजर न जाण्याची सगळ्यात साधी कारणं दोन. एक, चेंडू फार वेगात जातो. दुसरं, खाली काय अंथरलंय? फुलाफुलांची गोधडी असेल तर त्यावर रंगीत चेंडू मोठ्या माणसालाही पटकन दिसत नाही, बाळाला तर नाहीच. एकरंगी चादर अंथरा, पांढरी किंवा फिकट, आणि चेंडू गडद.

पिहूचीआई:
गोधडीच आहे! आईनं केलेली, भरपूर तुकड्यांची. एकरंगी चादर आजच काढते. आणि हो, आम्ही संध्याकाळी खिडकीसमोर बसतो खेळायला, त्यानं काही फरक पडतो का?

ओटी_मृदगंध:
पडतो. बाळाचं तोंड खिडकीकडे असेल तर वस्तूमागून उजेड येतो, वस्तू काळी सावली दिसते आणि बाळ खिडकीकडेच बघत बसतं. तुम्ही फिरून बसा, खिडकी बाळाच्या पाठीशी किंवा बाजूला.

रोहन, काळंपांढरं कार्ड चांगलंच आहे पण ते पहिल्या दोनतीन महिन्यांचं, तेव्हा बाळाला जवळचं आणि ठळक तेवढंच नीट दिसतं. सहा महिन्यांच्या बाळाला रंग चांगले दिसतात, कार्ड आता तिला दोन मिनिटात कंटाळवाणं होईल. मोठ्या चेंडूचं अर्धं बरोबर आहे, गिळायची भीती नाही आणि दोन्ही हात एकत्र येतात. पण एका हातानं पकडायचा सराव फुटबॉलवर होत नाही, हाताची बोटं त्याच्याभोवती वळतच नाहीत. पकडायला बोटं भोवती वळतील अशी वस्तू लागते.

आज्जी, चिमणाळ्याबद्दल थोडं सांगते. दोनतीन महिन्यांपर्यंत ते फार सुंदर साधन आहे, हळू हलतं, रंग ठळक, आवाज नाही. पण बाळ पालथं पडून हातांवर जोर द्यायला लागलं की पाळण्यावर टांगलेलं सगळं काढायचं, कारण ते धरून ओढतात आणि दोरा गळ्यात अडकू शकतो. पिहू त्या वयात आलीय. तेच चिमणाळं पाळण्यावरून काढून, तुम्ही हातात धरून दाखवा आणि खेळ झाला की उचलून ठेवा, मग काही हरकत नाही.

सुमनआज्जी:
ते पटलं. आमच्याकडे पाचव्या महिन्यात काढूनच ठेवायचे, कारण विचारायची पद्धत नव्हती एवढंच.

जुळ्यांचीमाय:
माझी जुळी आहेत, सहा महिन्यांचीच, पण आठव्या महिन्याच्या आत जन्मली, एकतिसावा आठवडा संपत आला होता. ती दोघं अजून हात पुढे करत नाहीत, फक्त बघतात. वरचं वाचून मला टेन्शन आलं. रुमालाच्या मागे एक बघतो, दुसरी बघतच नाही. मी हेच खेळ सुरू करू का, की काहीतरी चुकतंय?

ओटी_मृदगंध:
ताई, तुमच्या बाळांचं वय जन्माच्या तारखेवरून मोजू नका, डिलिव्हरीची जी तारीख डॉक्टरांनी दिली होती तिच्यापासून मोजा. चाळीस आठवड्यांतून एकतीस गेले म्हणजे नऊ आठवडे, दोन महिने धरा. म्हणजे त्यांचं विकासाचं वय साधारण चार महिने आहे आणि चार महिन्यांच्या बाळानं बघणं, हात तोंडात घालणं, कधीतरी वस्तूला हात लागणं एवढंच अपेक्षित आहे. पण एवढ्या लवकर जन्मलेल्या बाळांची रेटिनाची तपासणी करायची असते, ती झालीय का? दुसरी बघतच नाही म्हणताय म्हणून विचारते. झाली नसेल किंवा कागद सापडत नसेल तर या आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा, खेळापेक्षा ते आधी.

जुळ्यांचीमाय:
एनआयसीयूत असताना एकदा केली होती, पुढची तारीख दिली होती ती कोणालाच जमली नाही. उद्याच फोन करते.

दगडफूल:
सहा महिने झाले ना, मग आता वरणाचं पाणी, भाताची पेज, नाचणीचं सत्त्व सुरू करा, खेळ आपोआप येतील. आमच्या डॉक्टरांनी सांगितलं सहा महिन्यांनंतर वरचं अन्न सुरू करायचं. मऊ उकडलेलं गाजर हातात दिलं की मूल स्वतः धरतं. माझा विचार आहे की पकडायला खेळण्यापेक्षा खाणं चांगलं.

पिहूचीआई:
दगडफूल, वरचं सुरू केलंय हो, विचारलं ते खेळाचं होतं. पण गाजराचं बरं सुचवलंत.

ओटी_मृदगंध:
गाजराचा खरंच संबंध आहे. बोटाएवढ्या लांबीची आणि जाडीची फोड, बोटांत दाबली की चिरडेल इतकी शिजलेली. मुठीत धरल्यावर वरून टोक बाहेर राहतं, तेच ती चोखते. कच्चं गाजर किंवा सफरचंदाची फोड अजिबात नको, तुकडा मोडून घशात अडकतो. बाळाला बसवून, समोर कुणीतरी बसून. नाचणीची थंड झालेली घट्ट खीर एका ताटलीत थोडी पसरवा आणि तिला हात घालू द्या, हाताला चिकटली की ती मूठ उघडते, बोटं वेगळी करून बघते. त्यातलं थोडं तोंडात गेलं तरी चालतंय.

आता पकडण्याचं सविस्तर. आता तिची पकड पूर्ण तळव्याची आहे, बोटांनी खरवडून ओढते, अंगठा बाजूलाच. अंगठा आणि तर्जनीच्या टोकांनी चिमटीत धरणं नवव्यादहाव्या महिन्याच्या आसपास येतं. म्हणजे बारीक चणा, मणी समोर ठेवून सराव करायची कल्पना डोक्यातून काढा. तिला हवी आहे ती अशी वस्तू जिला कुठूनही हात लागला तरी काहीतरी पकडीत येईल. गोल कडी. आणि ती विकत आणायची नाही.

जुन्या सुती साडीच्या किंवा धोतराच्या तीन पट्ट्या घ्या, चार बोटं रुंद, दोन वीत लांब. एक टोक धाग्यानं घट्ट बांधा, वेणी घाला, सैल नको. वेणी मोठ्या माणसाच्या अंगठ्याएवढी जाड आली पाहिजे. बारीक आली तर पट्ट्या रुंद घ्या. मग दोन्ही टोकं एकमेकांवर अर्धा इंच चढवून जाड दोऱ्यानं आडवे उभे भरपूर टाके घाला, वरून एक कापडाचा तुकडा गुंडाळून तोही शिवा म्हणजे दोऱ्याचं टोक बाहेर येणार नाही. डोक्यावर हंडा ठेवायला चुंबळ करतात ना, तशीच पण छोटी आणि मधे मूठ जाईल एवढं भोक. झाल्यावर स्वतः दोन्ही हातांनी जोर लावून ओढून बघा, दातांनीही ओढा. टाका सैल झाला तर परत शिवा. गरम पाण्यात धुऊन उन्हात वाळवा आणि रोज तपासा, कारण ती रोज चघळणार.

कोल्हापूरचा_मामा:
कुकरची नवीन रिंग द्या की, त्याहून सोपं. आमच्या भाचीला दिली होती, खूप आवडली, दिवसभर धरून फिरायची.

ओटी_मृदगंध:
आकार अगदी योग्य आहे मामा, हाताला ती छान बसते. माझा आक्षेप चघळण्याला आहे. रबराचा वास, वर येणारी पावडर, आणि खालचे दात येऊ लागले की तुकडा निघायची शक्यता. धरायला दिली आणि तोंडात जाताना काढून घेतली तर तीही चिडेल आणि तुम्हीही, त्यापेक्षा कापडाची बरी.

रोहन_चिंचवड:
आणि बाटलीत तांदूळ, राजमा भरून झाकण लावलं तर? आम्ही केलेलं, मुलगा तासनतास खेळायचा.

ओटी_मृदगंध:
बघायला आणि ढकलायला ठीक, धरायला नाही. साध्या पाण्याच्या बाटलीचा घेर बाळाच्या पंजात येत नाही. झाकण आतून गोंद लावून घट्ट केलं आणि वरून टेप लावली तर खेळताना चालेल, पण तुम्ही शेजारी असतानाच आणि संपलं की वर कपाटात. बाटली चिरली आणि राजमा बाहेर आला तर एक दाणा पुरतो. वाटीत तांदूळ, डाळ ओतून त्यात हात घालायला देणं या वयाला मी सांगत नाही.

रोहन_चिंचवड:
आम्ही दोन्ही मुलांना समोर बसून दिलं, काही झालं नाही. नजर ठेवली की काय होणार?

ओटी_मृदगंध:
नजर ठेवणारा माणूस फोन घ्यायला वळतो. माझं मत मी बदलत नाही, तुमचं तुम्ही ठरवा.

पिहूचीआई:
कडी शिवली! आईच्या जुन्या नऊवारीची. आता एक सांगा, ती धरते आणि तीनचार सेकंदांत सोडते, हे कसं वाढवायचं? आणि एका हातातून दुसऱ्या हातात ती देतच नाही.

ओटी_मृदगंध:
आधी बसणं बघा. ती टेकून बसते पण कमरेत स्थिर नसेल तर पडू नये म्हणून एक हात जमिनीला टेकवते, मग पकडायला एकच हात उरतो आणि तोही डगमगतो. तुम्ही पाय पसरून बसा, तिला दोन्ही मांड्यांच्या मधे, तिची पाठ तुमच्या पोटाला टेकवून, तुमचे दोन्ही हात तिच्या कमरेवर. कमरेला आधार मिळाला की हात मोकळे होतात. सोडण्यातला बराच भाग याच एका बदलात कमी होतो.

वेळ मालिशीनंतरची नको. तेलकट हातातून कडी निसटते आणि तुम्हाला वाटतं तिला धरता येत नाही. दूध पिऊन अर्धा तास झालेला, झोप झालेली, अशी वेळ निवडा. दोनतीन मिनिटं पुरे. मान फिरवायला लागली, पाठ ताठ करून मागे रेलली, डोळे चोळले की संपलं, पुढे खेचू नका.

एका हातातून दुसऱ्या हातात देणं बहुतेक वेळा तोंडावाटे होतं. वस्तू तोंडात गेली की दुसरा हात मदतीला येतो, मग पहिला सुटतो. म्हणून तोंडातून काढून घेऊ नका. कडी तिच्या डाव्या हातात असताना दुसरी वस्तू, समजा लाकडी चमचा, उजव्या बाजूनं मधोमध पुढे करा. आता बहुतेक ती कडी टाकून चमचा घेईल, हे या वयाचंच आहे. काही आठवड्यांनी ती पहिली वस्तू धरून ठेवून दुसरी घ्यायला लागेल. घाईनं तिच्या हातात दुसरी वस्तू कोंबू नका, तिच्या हाताला स्पर्श करून थांबा.

लाकडी चमचा घ्याल तो रंग न दिलेला, कुसळं नसलेला, डाव जसा असतो त्यापेक्षा लहान. टोक तोंडात खोल जाईल इतका लांब नको आणि तो तोंडात असताना तिला पडू देऊ नका.

कोल्हापूरचा_मामा:
सावंतवाडीची रंगीत लाकडी खेळणी चालतील का? माझ्याकडे जुनी आहेत, भाचीची.

ओटी_मृदगंध:
जुनी असतील आणि रंग उडत असेल तर तोंडात जाणाऱ्या मुलाला नको, जुन्या रंगात शिसं असू शकतं. नखानं खरवडून रंग निघतो का बघा, निघाला तर कपाटात शोभेला ठेवा. दाखवायला हरकत नाही.

मीरा_दोहा:
मी इथे वाळवंटात आहे, बाहेर खेळायला जाता येत नाही, त्यामुळे घरात परातीत पाण्याचा खेळ करते. परातीत बोटाच्या एका पेरावर येईल एवढंच कोमट पाणी, बाळ माझ्या मांडीत, त्यात एक स्टीलची वाटी आणि दोन लाकडी चमचे. पाण्यावर हात आपटते आणि वाटी तरंगत तरंगत तिच्यापासून लांब जाते ना तेव्हा नजर अगदी वाटीवर असते. तरंगणाऱ्या वस्तूचा वेग आपोआप हळू असतो. माझी आठ महिन्यांची आहे, पण सहाव्या महिन्यातही हेच करत होतो.

ओटी_मृदगंध:
मीरा, हे फार छान आहे, तरंगणारी वाटी. एकच, इतक्या कमी पाण्यातही बाळ तोंडावर पडलं तर त्याला स्वतःहून तोंड वर काढता येत नाही, म्हणून मांडीतून उठायचं नाही, दार वाजलं तरी बाळाला घेऊनच. आणि खेळ संपला की परात रिकामी.

दगडफूल:
यूट्यूबवर बाळांसाठी सेन्सरी व्हिडिओ असतात, रंगीत फळं नाचतात. मुलं डोळे फिरवून बघतात तर ट्रॅकिंग होतंच ना? माझा भाचा एकदम शांत बसतो.

ओटी_मृदगंध:
शांत बसतो हेच बघा. स्क्रीनवर फळ नाचतं पण हाताला लागत नाही, त्यामुळे बघणं आणि पकडणं यांची गाठ पडत नाही. रुमाल दिसला, हात पुढे केला, अंतर चुकलं, परत केला, लागला, हे बाळ त्यातूनच शिकतं की वस्तू किती लांब आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 मध्ये एक वर्षाखालील बाळांना स्क्रीन नको असंच म्हटलंय. व्हिडिओ कॉलवर आजीशी बोलणं वेगळं, ते मी अडवणार नाही.

पिहूचीआई:
थोडे दिवस करून बघितलं, सांगते काय दिसलं. एकरंगी चादरीवर लाल रुमाल पहिल्याच वेळेला उजवीकडे शेवटपर्यंत बघितला, डावीकडे जाताना मधेच नजर सुटली. थांबले तसं तिनं परत शोधला, पण तिथे पोचायला डोळ्यांबरोबर मानही फिरवली. मांडीत घेऊन कमरेला धरल्यावर कडी खरंच जास्त वेळ धरली, मोजलं नाही पण निवांत चघळत होती. आणि काल कडी तोंडात असताना दुसरा हात आला, दोन्ही हातांनी धरली, मग डावा सुटला आणि कडी उजव्यात राहिली! मी ओरडलेच.

चेंडूबद्दल मात्र अजूनही तसंच, मोज्यात चिंध्या भरून केलेला आहे, हळू सोडते तरी मधेच थांबते.

ओटी_मृदगंध:
वा. मान फिरवणं चुकीचं नाही, सुरुवातीला मान आणि डोळे दोन्ही जातात. चेंडूसाठी एक करा, तिला पालथं झोपवा, छातीखाली गुंडाळलेला टॉवेल, हात टॉवेलच्या पुढे. तुम्ही जमिनीवर तिच्या समोर आडवे व्हा, तुमचं तोंड तिच्या डोळ्यांच्या रेषेत. चेंडू तुमच्या हातातून आडवा तिच्यासमोरून हातभर अंतरावर सोडा, दुसरा हात पलीकडे थोपवायला. ती आता चेंडूबरोबर तुमच्याकडेही बघते, त्यामुळे कंटाळत नाही. चेंडू आवाज न करता गेला आणि नजर पोचली की, एकदा चेंडूला अर्धवट रुमालाखाली थांबवा, अर्धा बाहेर दिसला पाहिजे. ती रुमाल ओढायला हात करते का बघा. पूर्ण झाकू नका, पूर्ण झाकलं तर या वयात अनेक मुलं वस्तू संपली असं समजून दुसरीकडे बघतात.

वस्तू खाली पडताना बघणंही करून बघा. मांडीवर घेऊन स्टीलचा चमचा ताटात टाका, आवाज होतो, ती खाली बघते. मग तोच खेळ कापडी कडीनं, आवाज नाही. कडीमागे नजर गेली तर डोळ्यांनी केलं, नाही गेली तर कानावर चाललंय. दोन्हीची तुलना तुम्हीच करा, हे मी क्लिनिकमध्येही असंच बघते.

सुमनआज्जी:
मुलगी नेहमी एकाच हाताने घेते का, हे बघ गं पिहूची आई. माझ्या पुतण्याच्या मुलाचा एक हात नेहमी मिटलेला असायचा, सगळ्यांनी म्हटलं डावखुरा होणार. वर्ष होऊन गेलं तेव्हा कळलं त्याला त्या बाजूला कमजोरी आहे.

पिहूचीआई:
आज्जी, पिहू जास्त उजवा हात पुढे करते. डाव्या बाजूला वस्तू ठेवली तरी उजवा हात आडवा आणते. मूठ मिटलेली नसते, डाव्या हातानं पाय पकडते. यावरून काही अंदाज बांधायचा का?

ओटी_मृदगंध:
आज्जींनी योग्य मुद्दा काढला. डावरं किंवा उजवं असणं दीडदोन वर्षांच्या आधी ठरत नाही, म्हणून त्याआधी एकच हात वापरला जात असेल तर दुसऱ्या हातात काय चाललंय हे बघावंच लागतं. डाव्या हातानं पाय धरते आणि मूठ उघडी असते हे चांगलं. पण रुमालामागची तिची नजरही डावीकडेच सुटत होती, म्हणून मला दोन्ही एकत्र बघायला आवडेल. आठवडाभर कडी मुद्दाम डाव्या हाताच्या अगदी जवळ, उजवा हात तुमच्या हाताखाली हलकेच धरून, दिवसातून दोनदा द्या. डावा येतो का, किती सहज येतो याचा मोबाइलवर छोटा व्हिडिओ काढा आणि पुढच्या लसीकरणाला डॉक्टरांना दाखवा. आठवड्यात काहीच फरक नसेल तर लसीकरणाची वाट बघू नका.

इतर कोणी वाचत असाल तर, सहा महिन्यांचं बाळ कुठल्याच वस्तूकडे हात नेत नसेल, डोळे सतत आत किंवा बाहेर वळलेले दिसत असतील, अंग फार ताठ किंवा फार सैल वाटत असेल तर दाखवा. फोटोत एका डोळ्याची बाहुली पांढरी दिसली तर त्याच दिवशी. पैशाची अडचण असेल तर जिल्हा रुग्णालयात लहान मुलांसाठी डीईआयसी नावाचं तपासणी केंद्र असतं, सरकारच्या आरबीएसके या बालआरोग्य योजनेतलं, तिथे मोफत बघतात. अंगणवाडी ताईंना विचारलंत तर त्या रस्ता सांगतील.

जुळ्यांचीमाय:
रेटिनाची अपॉइंटमेंट मिळाली, शुक्रवारची. तोपर्यंत रुमालाचा खेळ थांबवू की चालू ठेवू?

ओटी_मृदगंध:
चालू ठेवा, त्यानं काही नुकसान नाही. फक्त आपल्याला त्यातून निष्कर्ष नाही काढायचाय. दुसरीला रुमाल वीतभरच अंतरावर दाखवा आणि तुमचा चेहराही जवळ आणा, चेहऱ्याकडे बघते का ते डॉक्टरांना सांगा.

कोल्हापूरचा_मामा:
कुकरची रिंग बंद केली, ताईनं हा धागा वाचून चुंबळ शिवायला घेतलीय. एक प्रश्न, टेरिकॉटची साडी चालेल का? सुती घरात नाही.

सुमनआज्जी:
टेरिकॉट लाळ शोषत नाही, बाळाच्या गालाला ओलं लागून पुरळ येतं. जुना सुती पंचा किंवा उशीचा अभ्रा असेल तर तो फाड.

पिहूचीआई:
आणि जरीचा काठ असेल तो काढून टाका, मी नऊवारीचा काढला, जरीची तार तुटून बोचते.